भांडण पोचलं, समेट पोचलाच नाही

ताई, आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली. आम्ही दोघं वेगळे राहतो, सासू-सासरे त्यांच्या घरी. दोन महिन्यांपूर्वी माझा भाऊ अडचणीत होता म्हणून मी त्याला पैसे दिले आणि नवऱ्याला नंतर सांगितलं. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. दोन दिवसांत मिटलंही. मग गेल्या महिन्यात एका घरगुती कार्यक्रमात मावससासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माहेरी पैसे पाठवताना नवऱ्याला विचारावं गं." नणंदेला, मामेसासूबाईंना, सगळ्यांनाच माहीत होतं. मी दुसऱ्या दिवशी सासूबाईंना फोन करून जाब विचारला. त्या रडल्या, "काळजीपोटी बोलले" म्हणाल्या, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. नवरा म्हणतो, "आई काय परकी आहे का? आणि तू तिला परस्पर फोन कशाला केलास?" याआधीही आमची दोन-तीन भांडणं अशीच फिरून माझ्यापर्यंत आली आहेत. सासूबाईंना मी कसं थांबवू?
— एक वाचक

तुम्हाला,

मावससासूबाईंच्या त्या वाक्याचा माग काढत उलट्या दिशेने चला. त्यांना ते त्यांच्या बहिणीने, म्हणजे तुमच्या सासूबाईंनी सांगितलं. सासूबाईंना कोणी सांगितलं? भांडणाच्या वेळी घरात तुम्ही दोघंच होतात. तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणजे नवऱ्याने सांगितलं. या वाटेवर गळती दोन ठिकाणी आहे आणि तुम्ही दुसऱ्या ठिकाणी बोळा कोंबायला गेलात. पहिली गळती चालूच राहिली तर सासूबाईंनी उद्या तोंडाला कुलूप लावलं, तरी तुमच्या घरातली प्रत्येक कुरबुर त्यांच्या मनात साठत राहील आणि त्यांच्या वागण्यातून तुम्हाला जाणवत राहील. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की सासूबाईंना थांबवायचं काम तुमचं नाही. ते तुमच्या नवऱ्याचं आहे, आणि त्याने ते करावं यासाठी त्याच्याशी बोलणं हे तुमचं.

आता तो आईला का सांगतो, ते बघू. "आईच्या पदराआडचा" वगैरे शिक्के मारायला सोपे असतात, पण त्याने काही कळत नाही. मरे बोवेन नावाचे एक अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांनी कुटुंबांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून एक साधी गोष्ट मांडली. दोन माणसांमधला ताण वाढला की त्यांतलं एक जण तिसऱ्याला आत ओढतं, आणि तिसरा आला की ताण तात्पुरता हलका होतो. याला ते त्रिकोण म्हणत. तुमच्या नवऱ्याने रात्री आईला फोन केला, दहा मिनिटं बोलला, त्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तो तुमच्याशी नीट वागला आणि तुम्हाला वाटलं, मिटलं. पण तुमच्या दोघांत जे बोलायचं राहिलं होतं, ते बोललं गेलंच नाही. त्याची वाफ दुसरीकडून निघून गेली, एवढंच.

आणि आईचं काय झालं? आपला मुलगा दुःखी आहे हे ऐकून तिचा जीव टांगणीला लागला. मग तिलाही तिसरं माणूस हवं झालं. तिने बहिणीला फोन केला. बहिणीला गोष्ट जिवाला घोर लागण्याइतकी जवळची नव्हती, म्हणून तिच्याकडे ती चर्चेचा विषय झाली. साखळी अशी लांबत जाते, आणि प्रत्येक कडीवर काळजी थोडी कमी होते अन् मसाला थोडा वाढतो. "काळजीपोटी बोलले" हे सासूबाईंचं म्हणणं मी खोटं मानत नाही. पण त्या काळजीचा भुर्दंड तुम्हाला पडला, हेही तितकंच खरं.

इथे एक कबुली देते. मीही सासू आहे. मुलाचं आणि सुनेचं एकदा बिनसलं तेव्हा मुलगा माझ्याकडे येऊन बसला, आणि मी त्याच संध्याकाळी धाकट्या बहिणीला सगळं सांगितलं. तेव्हा मला ही चुगली वाटलीच नव्हती. मन मोकळं करतेय असंच वाटलं होतं. चार महिन्यांनी बहिणीने मला विचारलं, "काय गं, त्यांचं अजून तसंच का?" आणि मला आठवेना, कशाबद्दल विचारतेय. त्यांचं कधीच मिटलं होतं. मला ते माहीत होतं, पण बहिणीला कळवायचं मला सुचलं नव्हतं. तिच्या मनात माझी सून चार महिने भांडतच होती.

हीच या सगळ्यातली खरी मेख आहे. भांडण प्रवास करतं, समेट करत नाही. तुमच्या नवऱ्याने रागाच्या भरात आईला फोन केला; मिटल्यावर "आई, आमचं मिटलं, आणि तिचंही बरोबर होतं" हे सांगायला केला का? कोणीच करत नाही. त्यामुळे सासूबाईंच्या वहीत तुमच्या नावावर फक्त खर्चाची बाजू लिहिली जाते, जमेची कोरीच राहते. त्यात आणखी एक भर पडते. जॉन गॉटमन या संशोधकाने जोडप्यांचा दीर्घ अभ्यास करून असं नोंदवलं, की नवरा-बायकोंचे सुमारे ६९ टक्के वाद हे कायमचे असतात. म्हणजे स्वभावातल्या फरकातून येणारे, पुन्हा पुन्हा डोकं वर काढणारे. आतल्या दोघांना कळतं की हे आपलं तेच जुनं. बाहेरच्या ऐकणाऱ्याला मात्र पाच वेळा ऐकलं की पाच वेगळी भांडणं वाटतात, आणि "यांचं रोजचंच आहे" हा निष्कर्ष पक्का होतो.

दुसरी गोष्ट, जी तुमच्या फोनमध्ये निसटली असावी असं मला वाटतं. सासूबाईंनी नियम मोडला, असं तुम्ही धरून चाललात. पण नियम त्यांना सांगितला कोणी होता? सँड्रा पेट्रोनिओ या अभ्यासक बाईंनी खाजगी गोष्टी माणसं कशा जपतात यावर आयुष्यभर काम केलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की गुपित दुसऱ्याला सांगितलं की तो माणूस त्याचा भागीदार मालक होतो. आता ते पुढे कोणाला सांगायचं, कितपत सांगायचं, हे दोन्ही मालकांनी मिळून ठरवायला हवं. ठरवलं नाही, तर नवा मालक आपल्याच घरच्या रीतीने ते वापरतो. सासूबाईंच्या घरची रीत कदाचित अशीच असेल, की बहिणींमध्ये काही झाकायचं नाही. त्या रीतीत त्यांचं आयुष्य गेलं. तुमच्या नवऱ्याने त्या रीतीत तुमची गोष्ट टाकली आणि "ही तुझ्यापाशीच ठेव" एवढे शब्दही बोलला नाही. बरं, ते शब्द आधी बोलायचे असतात. सगळं सांगून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता "कोणाला सांगू नकोस हं" म्हटलं, की ऐकणाऱ्याला ते निरोपाच्या वाक्यासारखं वाटतं. शिवाय "कोणाला" या शब्दात बहीण येते असं बहुतेकांना वाटतच नाही.

म्हणून आत्तापर्यंत जे झालं त्याला मी निष्काळजीपणा म्हणेन. नियम स्पष्ट सांगितल्यावर जे होईल, त्याला मात्र वेगळं नाव द्यावं लागेल. हा फरक मनात ठेवा, कारण त्याने तुमचा सासूबाईंवरचा राग थोडा तरी योग्य मापाचा होईल.

तुम्ही विचाराल, की काळजी आणि खोडी यांत फरक ओळखायचा कसा? त्या गोष्ट सांगतात तेव्हा मुलाची चूकही सांगतात का, ते बघा. तुमचं कौतुक, तुमच्या नोकरीतली चांगली बातमी, हेही त्याच बहिणीला सांगतात का? आणि गोष्ट कोणापाशी पोचते? जिच्यापाशी मन हलकं होतं अशा एका माणसापाशी, की जिथे ती तुम्हाला सगळ्यात जास्त बोचेल नेमकं तिथे? बऱ्याचशा सासवा पहिल्या गटात निघतात. तुमच्या पत्रावरून मला तुमच्या सासूबाई त्यातल्याच वाटतात. जाब विचारल्यावर रडणारं माणूस सहसा डावपेच करणारं नसतं. तरीही तुम्ही त्यांना पाच वर्षं ओळखता, मी एका पत्रापुरती. तुमचा अंदाज माझ्यापेक्षा वरचढ धरा.

आता नवऱ्याशी बोलण्याचं. वेळ अशी निवडा की त्या दिवशी तुमचं भांडण झालेलं नाही, आणि त्याच्या आईचा फोन यायची वेळही नाही. सुरुवात "तुझी आई" या शब्दांनी करू नका. ते शब्द ऐकले की तो मुलगा होतो, आणि तुम्हाला त्या वेळी समोर नवरा हवा आहे. साधारण असं म्हणता येईल: "मावशी सगळ्यांसमोर बोलल्या तेव्हा मला फार अपमान वाटला. पण त्याहून वाईट हे झालं, की त्यानंतर तुझ्याशी काही बोलताना मी आधी विचार करते, हे उद्या कुठे पोचेल. मला तुझ्याशी असं मोजून मापून बोलायचं नाहीये." हे खरं आहे, आणि याला "आई काय परकी आहे का" हे उत्तर लागू पडत नाही. तरी तो ते म्हणेलच. तेव्हा म्हणा, "आई परकी नाही. पण ती मावशींना परकी मानत नाही, मावशी नणंदेला मानत नाहीत. मग थांबायचं कुठे?"

आणि एक करू नका. "आईला काहीच सांगायचं नाही" असं वचन मागू नका. एक तर तो ते पाळू शकणार नाही. दुसरं म्हणजे, पाळता आलं नाही की तो लपवून सांगेल, आणि लपवून सांगितलेल्या गोष्टीला कुठलाच नियम लावता येत नाही. माणसाला मन मोकळं करायला कोणीतरी लागतं. त्यालाही लागतं, तुम्हालाही. इथे तुम्ही तुमच्या पदरात बघा. या भांडणाचं तुम्ही भावाला, आईला, मैत्रिणीला काही सांगितलंत का? पैसे भावालाच दिले होते, म्हणजे त्याला थोडंफार कळलं असणारच. तुमच्या बाजूची वाट उघडी आणि त्याची बंद, असा करार एक महिनाही टिकत नाही.

तेव्हा वचनाऐवजी वाटणी करा. काही गोष्टी घराबाहेर जाणारच नाहीत: पैशांचे व्यवहार, शरीराचं आणि शेजेचं काही, दोघांच्या आई-वडिलांबद्दल रागात निघालेले शब्द. शेवटच्यावर जोर द्या. "तुझ्या घरच्यांनी काय शिकवलं" असं कोणीतरी भांडणात बोलून जातं, दुसरा ते विसरूनही जातो. पण ज्यांच्याबद्दल ते बोललं गेलं त्यांच्या कानावर गेलं, तर ते मरेपर्यंत विसरत नाहीत. काही गोष्टी एकमेकांना विचारून सांगायच्या: आजारपण, नोकरीतली अडचण, मूल हवं की नको, कधी हवं. आणि एक वाक्य कधीही, न विचारता सांगता येईल असं दोघांनी ठरवून ठेवायचं: "आई, आज आमचं जरा वाजलंय, मन ठीक नाही. बघतो आम्ही." या वाक्यात मुलाला आईची ऊब मिळते आणि आईला पुढे सांगण्यासारखं काहीच मिळत नाही. ज्या दिवशी सगळंच ओतावंसं वाटेल, त्या दिवसासाठी प्रत्येकाने एक माणूस ठरवावं, दोघांना मान्य असलेलं, ज्याच्या पोटात गोष्ट राहते. त्याचा मित्र, तुमची बहीण, एखादा समुपदेशक, कोणीही. फक्त दोघांच्याही आई नकोत. कारण तुम्ही त्याला माफ कराल. तुमच्या आईला ते तितकं सोपं जाणार नाही. त्याच्या आईचंही तेच.

हे ठरलं, की मग त्याने आईशी बोलायचं. एकट्याने, समोरासमोर, तुम्ही खोलीत नसताना. फोन स्पीकरवर टाकून तर मुळीच नाही. आणि इथे नवरे एक हमखास चूक करतात. ते म्हणतात, "आई, तिला आवडत नाही, तू कोणाला सांगू नकोस." संपलं. मनाई सुनेची झाली, मुलगा फक्त पोस्टमन. आईच्या मनात बसतं, की हिने माझ्या मुलाचं तोंड बांधलं. वाक्य "मला" ने सुरू व्हायला हवं, आणि चुकीची कबुली त्याने स्वतःपासून द्यायला हवी. मी त्याच्या जागी असते तर अशी बोलले असते:

"आई, त्या पैशांच्या भांडणाचं मी तुला सांगायला नको होतं. मी रागात होतो, अर्धंच सांगितलं. माझी चूक मी सांगितलीच नाही. आमचं दोन दिवसांत मिटलंही होतं, ते सांगायचंही राहिलं. मावशी सगळ्यांसमोर बोलली तेव्हा मलाच खाली बघावं लागलं. यापुढे आमच्या दोघांतलं मी तुला सविस्तर सांगणार नाही. आणि जे सांगेन ते तुझ्यापाशीच ठेव, मावशीलाही नको, ताईलाही नको. तुझ्याशी बोलणं कमी करणार नाहीये मी."

नावं घेऊन सांगायचं, हे लक्षात ठेवा: "मावशीलाही नको." मोघम "कोणाला नको" चालत नाही, ते वर आलंच आहे. आणि शेवटचं वाक्य गाळू नका. सासूबाईंना भांडणाची चटक असेल असं मला वाटत नाही. पण मुलाच्या आयुष्यात आपल्याला अजून जागा आहे, याचा पुरावा त्यांना बहुधा भांडणातूनच मिळतो. सुखात असताना मुलगा दोन मिनिटांत फोन ठेवतो आणि दुःखात असला की अर्धा तास बोलतो, असं होतंय का ते त्याला तपासायला सांगा. तसं असेल तर फोन कमी करून भागणार नाही. उलट साध्या दिवसांचे फोन वाढवावे लागतील. ऑफिसातलं, वाचलेलं, जुनं आठवलेलं, आईचा सल्ला जिथे खरंच उपयोगी पडेल असं काहीतरी. एक दार लावताना दुसरं उघडं ठेवलं, तर आपल्याला घराबाहेर काढलं असं कोणाला वाटत नाही.

एवढं करूनही पहिले काही आठवडे वाईटच जातील, ते आधी माहीत असू द्या. "हल्ली तू काही सांगत नाहीस", "आवाज का असा येतोय", "मी काय आता परकी झाले", असे प्रश्न वाढतील. कदाचित त्यांची तब्येत बिघडेल, खरीच बिघडेल. एखाद्या गोष्टीतून मिळणारं सुख थांबलं, की माणूस ती सोडण्याआधी एकदा जोर लावून बघतो. वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. या काळात तुमच्या नवऱ्याने चार वेळा "बघतो आम्ही" म्हटलं आणि पाचव्या वेळी कंटाळून सगळं सांगून टाकलं, तर आईला कळतं की पाच वेळा विचारलं की मिळतं. मग पुढच्या वेळी ती पाच वेळा विचारेल. त्यापेक्षा पहिल्याच वेळी सांगितलेलं परवडलं असतं. म्हणून उत्तर दर वेळी तेच, त्याच शांत आवाजात. वेगवेगळी कारणं देऊ नयेत. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो.

आणि तरीही पुढे कधी गोष्ट फुटली तर? तेव्हा भांडू नका, धमकी देऊ नका. नवऱ्याने एकदाच म्हणावं, "आई, हे मावशीपर्यंत गेलं. आता काही महिने मी अशा गोष्टी सांगणार नाही," आणि तसंच वागावं. काही जण गळती शोधायला मुद्दाम खोटी गोष्ट सोडून बघतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. गळती सापडते, पण तुम्ही सापळे लावता हेही सगळ्यांना कळतं, आणि त्यानंतर तुमचं खरं बोलणंही कोणी खरं मानत नाही.

आता मावससासूबाई. त्यांच्यासारखं सगळ्यांदेखत कोणी बोललं, तर तुम्हाला एकच वाक्य पाठ हवं: "ते आमचं मिटलंय, मावशी." मग लगेच दुसरा विषय, शक्यतो त्यांच्याबद्दलचा. पैसे किती होते, भावाला कशासाठी हवे होते, नवऱ्याला कधी सांगितलं, यातलं काहीही नाही. तुम्ही जो खुलासा द्याल तो पुढच्या फोनचा मजकूर होईल. नणंदेला, मामेसासूबाईंना एकेक करून तुमची बाजू सांगत फिरण्याचा मोहही आवरा. आपण खरे ठरू अशी आशा त्यात असते, पण ऐकणारीला नवी आवृत्ती मिळते, एवढंच होतं. फार तर पुढच्या कार्यक्रमात नवऱ्याने तुमच्या शेजारी बसावं आणि असं काही निघालंच, तर "मिटलंय" हे वाक्य त्याने म्हणावं. त्याच्या तोंडून ते शंभर पटींनी जास्त ऐकलं जाईल.

सासूबाईंचा अबोला राहिला. नवऱ्याचं आईशी बोलून झालं, की आठवडाभराने तुम्ही जा किंवा फोन करा. तुमचा मुद्दा मागे घेऊ नका, फक्त सूर मागे घ्या: "त्या दिवशी मी फोनवर चढ्या आवाजात बोलले, ते चुकलं." बस. "पण तुम्हीसुद्धा" हे त्याला जोडलंत की माफी वाया गेली. त्या पुन्हा रडल्या, जुनं काढलं, तर ऐकून घ्या आणि उठताना पुढचं एखादं साधं काम त्यांच्याशी ठरवून या. अबोला गप्पांनी सुटत नाही, कामाने सुटतो, असा माझा अनुभव आहे.

हे सगळं मी एक गोष्ट गृहीत धरून लिहिलं आहे: तुम्हाला नवऱ्याची भीती वाटत नाही. घरात मारहाण होत असेल, पैसे काढून घेतले जात असतील, फोन तपासला जात असेल, किंवा "घरातलं बाहेर सांगितलंस तर बघ" असं कोणी दरडावत असेल, तर वरची वाटणी तुमच्यासाठी नाही. तिथे गुप्तता तुमचं रक्षण करत नाही, त्रास देणाऱ्याचं करते. तेव्हा सांगा, विश्वासाच्या माणसाला, डॉक्टरला, गरज पडली तर पोलिसांना. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, पण हे सदर वाचणारी दुसरी कोणी असू शकते.

शेवटी तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधते, जिच्याबद्दल तुम्ही मला विचारलेलं नाही. भावाला पैसे देण्याचा विषय तुम्ही दोन ओळींत उरकलात आणि "दोन दिवसांत मिटलंही" असं लिहिलंत. मिटलं म्हणजे काय ठरलं? ते पैसे परत यायचे आहेत की दिले ते दिले? भाऊ पुन्हा अडचणीत आला तर? नवऱ्याच्या बहिणीला लागले तर? मावशी, नणंद, मामी, सासूबाई, इतक्या जणींनी या भांडणावर मत दिलं, आणि ज्या दोघांचं ते होतं त्यांनी ते मध्येच सोडून दिलं, असं मला वाटतंय. त्याच्याशी मावशींबद्दल बोलायला बसाल, त्याच्या आधी एक संध्याकाळ यासाठी काढा. साधा एक आकडा ठरवा: इतक्या रकमेपर्यंत दोघांनीही आपापल्या मर्जीने कोणालाही द्यावं, त्याच्या वर असेल तर देण्याआधी एकमेकांना सांगावं, कोणाच्याही माहेरी असो वा सासरी. आकडा कितीही असो, दोघांना एकच लागू. आणि सांगायचं राहून गेलं हे तुमचं चुकलं होतं, असं आता वाटत असेल, तर त्याला तेही म्हणा. आईला फोन करताना त्याला कदाचित एवढंच ऐकायचं होतं.

तुमची,
ताई